मानाची ओळ कुठे मांडायची?

लग्नाच्या पंगतीत एकमेकांशी न बोलणारे दोन नातेवाईक शेजारी-शेजारी सहसा येत नाहीत. ते स्वतःच ती काळजी घेतात. घोळ होतो तो समोरासमोर बसण्यात. टेबल-खुर्चीच्या पंगतीत माणूस टेबलाच्या एकाच बाजूला बसतो, समोरच्या मोकळ्या पट्ट्यातून वाढपी फिरतात आणि त्या पट्ट्यापलीकडे दुसरी ओळ याच्याकडे तोंड करून बसलेली असते. मध्ये जेमतेम सात फुटांचं अंतर. पहिला भात वाढल्यापासून मठ्ठ्यापर्यंत चाळीस मिनिटं नजर वर केली की तोच चेहरा. ज्याच्यावर कोर्टात दावा लावला आहे तो जिलबी कशी खातो हे चाळीस मिनिटं बघत बसणं कुणालाही जड जाईल.

यातून पंगतीच्या आखणीचा पहिला आणि थोडा उलटा वाटणारा नियम निघतो. ज्यांचं पटत नाही त्यांना वेगवेगळ्या ओळींत टाकण्यापेक्षा एकाच ओळीच्या दोन टोकांना बसवावं. एका ओळीतली माणसं एकाच दिशेला तोंड करून बसतात. मध्ये दहा-बारा जण असले की मुद्दाम पुढे वाकून पाहिल्याशिवाय पलीकडचा माणूस दिसत नाही. शिवाय ओळ एक, पंगत एक, त्यामुळे कुणाचा मान कमी-जास्त झाला असं म्हणायला जागा राहत नाही.

मानाचा हा मुद्दा हलका नाही. आपल्याकडे पंगतीत कोण कुठे बसतो यावर शतकानुशतकं जात ठरत होती. म्हणूनच तर रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उघडलं त्या काळात आणि पुढेही सुधारकांनी सहभोजनं घडवून आणली. एका ओळीत बसून जेवणं हेच तेव्हा बंड होतं. तो इतिहास आजच्या मंगल कार्यालयात कुणी बोलून दाखवत नाही. पण ‘आम्हाला दुसऱ्या पंगतीला बसवलं’ हे वाक्य तीस वर्षांनीही घराघरांत ऐकू येतं, त्याचं मूळ तिथेच आहे. म्हणून भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला पहिल्या आणि दुसऱ्याला दुसऱ्या पंगतीला बसवण्याचा सोपा वाटणारा उपाय बहुतेक वेळा महागात पडतो.

बुफे ठेवला की हा सगळा प्रश्न मिटतो, असं बऱ्याच घरांना वाटतं. मिटत नाही, फक्त दुसरीकडे जातो. बुफेत ज्येष्ठांना ताट हातात धरून उभं राहता येत नाही, भिंतीकडेला मांडलेल्या मोजक्या खुर्च्यांवर तरुण मंडळी आधीच बसलेली असतात, आणि न बोलणारे दोघे भाताच्या पातेल्यापाशी रांगेत पुढे-मागे उभे राहतात. तिथे वाढप्यांचा पट्टाही मध्ये नसतो.

पुण्यातल्या एका लग्नाची आखणी इथे तपशिलात सांगतो. ती अनेक कार्यालयांत जशीच्या तशी उपयोगी पडेल. मुहूर्त साडेबाराचा. पाहुणे सव्वाचारशेच्या आसपास. भोजनगृह साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद. टेबलं नेहमीची, सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद. एका टेबलाला तीन माणसं, म्हणजे माणशी दोन फूट. आठ टेबलांची एक ओळ, चोवीस माणसांची. अशा सहा ओळी आणि त्यांच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीत मध्ये चार फुटांचा वाढप्यांचा पट्टा. एका वेळी १४४ पानं बसतात, म्हणजे तीन पंगती. एक पंगत पाऊण तास, मग दहा मिनिटं पुसापुशी आणि नवी पानं. पहिली पंगत एकला बसली तर तिसरी तीनच्या जरा आधी बसणार.

पहिला निर्णय असा झाला की सव्वाचारशे जणांची आखणी करायची नाही. आपल्याकडे येणार म्हणून कळवून कुणी येत नाही आणि कळवून न येणारेही असतात. पानावर नावाची चिठ्ठी ठेवली तर माणसं ती पंख्याच्या वाऱ्याने उडाली असं म्हणून बसतात. आखणी करायची ती फक्त एका ओळीची. ज्यांच्या बाबतीत चूक परवडणार नाही अशी माणसं मोजली तर ती वीस-बावीसच भरतात. बाकीच्यांना जिथे जागा मिळेल तिथे बसू द्यावं. ते आपापल्या ओळखीच्या माणसांजवळ आपोआप नीट बसतात.

या लग्नातली ती माणसं अशी. वधूची आजी, वय ८६, वॉकर घेऊन चालते. वधूचे थोरले काका, वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रक्तदाबासाठी लघवीची गोळी सुरू. धाकटे काका, वय ६६, तब्येत ठणठणीत. या दोघा भावांचं गावच्या घराच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं बंद. एक मावशी, मधुमेही, जेवणाआधी इन्शुलिन घेणारी. वडिलांचे एक मावसभाऊ चाकाच्या खुर्चीवर. आणि वराकडचे आजी-आजोबा व काही वडीलधारे, ज्यांचा मान आपल्या घराआधी.

यादी करताना तब्येतीचं विचारणं अवघड असतं. ‘काका, तुम्हाला मध्येच उठावं लागतं का हो?’ असं फोनवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘छे, मी अजून दोन जिने चढतो.’ खरं उत्तर सुनेला विचारावं. तीही थेट न विचारता, ‘दाराजवळची खुर्ची ठेवू का?’ असं. होय म्हणायला ते सोपं जातं.

आता दाराकडे येऊ, कारण या विषयात सर्वांत जास्त फसगत दाराबाबत होते. ज्याला उठून जावं लागतं त्याला दाराजवळ बसवा, हे कुणालाही सुचतं. पण कुठल्या दाराजवळ? भोजनगृहाला साधारण तीन दारं असतात. एक आत येण्याचं मुख्य दार, एक मुदपाकखान्याचं आणि एक हात धुण्याच्या जागेकडे उघडणारं. मुख्य दार सर्वांत मोठं असतं, म्हणून वडीलधाऱ्यांना त्याच्याजवळ बसवलं जातं. पंगत अर्धी झाली की पुढच्या पंगतीची मंडळी त्याच दारात जमू लागतात. ताक वाढायला घेतलं की ती आत शिरतात आणि जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहून आपली जागा धरतात. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही असा मराठी माणूस विरळा. म्हणजे जेवण होत आलेलं असताना, नेमकी उठण्याची गरज लागते तेव्हा, मुख्य दाराजवळची खुर्ची सर्वांत अडकलेली असते. ७४ वर्षांच्या माणसाने दीडशे माणसांच्या गर्दीला उलट कापत बाहेर पडायचं, हे होणं नाही.

मुदपाकखान्याचं दार बाहेर पडायला धरूच नये. तिथून उकळत्या वरणाच्या बादल्या आणि पुऱ्यांच्या पराती येत असतात, फरशीवर पाणी आणि तेल असतं. उरलं हात धुण्याकडचं दार. तिथे माणसं एकाच दिशेने जातात, बाहेर. बहुतेक कार्यालयांत स्वच्छतागृहही त्याच बाजूला असतं. उठावं लागणाऱ्या माणसाची जागा या टोकाला. अट एकच, की ते दार खरंच उघडं असलं पाहिजे. बिनबोलावलेले लोक शिरू नयेत म्हणून कार्यालयाचा रखवालदार मागच्या बाजूला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घेऊन वाहनतळावर जातो. या लग्नातही तसंच होतं. त्यापलीकडच्या उतारावर पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली होती, म्हणजे चाकाची खुर्ची आली असती तरी तिथेच थांबली असती. दोन्ही गोष्टी आदल्या आठवड्यात दिसल्या, कारण घरची माणसं रिकामं कार्यालय बघायला न जाता दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात, दुपारी दीड वाजता, व्यवस्थापकाची परवानगी काढून भोजनगृहाच्या कोपऱ्यात उभी राहिली. रिकाम्या दालनात सगळीच दारं मोकळी दिसतात. गर्दी कुठे साचते आणि पाणी कुठे सांडतं हे भरल्या पंगतीतच कळतं.

तेव्हाच ओळीची निवड झाली. सहा ओळींपैकी कुठली मानाची? रीत अशी की मुख्य दारासमोरची, सगळ्यांना दिसणारी ओळ मानाची धरायची. इथे ती बदलून दक्षिणेच्या भिंतीलगतची सहावी ओळ घेतली. कारणं तीन. भिंतीकडे पाठ असल्याने मागे कुणी उभं राहू शकत नाही. मुदपाकखाना उत्तरेला, म्हणजे ही ओळ गरम भांड्यांपासून सर्वांत लांब. आणि तिचं पश्चिमेचं टोक हात धुण्याच्या दारापासून दहा पावलांवर.

मान कुठल्या ओळीला हे रांगोळी ठरवते, जागा नव्हे. सहाव्या ओळीतल्या प्रत्येक पानाभोवती रांगोळी काढली, टेबलांवर वेगळं कापड घातलं, आणि कार्यालयाच्या कचेरीतून हातवाल्या खुर्च्या आणून तिथे मांडल्या. हातवाली खुर्ची ज्येष्ठांसाठी शोभेची नसते. गुडघे दुखणारा माणूस दोन्ही हातांनी रेटा देऊन उठतो आणि बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो रेटा टेबलाला देतो. टेबल घडीचं असतं, ते सरकतं, आणि पुढचं सांगायला नको. रांगोळीचा आणखी एक उपयोग आहे. ‘राखीव’ अशी पाटी लावलेली खुर्ची लोक सरकवून बसतात. रांगोळी काढलेल्या पानावर न बोलावता बसायला माणूस बिचकतो. अधू माणसांचा कोपरा आणि मानाची ओळ यांत फरक एवढाच, पण बसणाऱ्याच्या लेखी तोच सगळा फरक.

भिंतीलगतच्या ओळीची एक अडचण आहे. तिला बाहेर पडायला फक्त दोन टोकं. अकराव्या किंवा बाराव्या खुर्चीवरच्या माणसाला उठायचं झालं तर दहा जणांच्या पाठीमागून, खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून जावं लागतं. वॉकर तिथून जात नाही. म्हणून ओळीच्या मधलं एक टेबल काढून टाकलं. तीन पानं कमी झाली, चोवीसची एकवीस राहिली, आणि मध्ये सहा फुटांचं खिंडार पडलं. केटररच्या माणसाने कुरकुर केली, कारण त्याच्या हिशेबात ओळ अखंड हवी, नाहीतर वाढपी थबकतो. पण या सहा फुटांनी दोन प्रश्न एकदम सुटले. आजी खिंडाराच्या पश्चिमेच्या कडेला, वॉकर शेजारीच उभा. चाकाची खुर्ची खिंडाराच्या दुसऱ्या कडेला, तिथली साधी खुर्ची काढून. चाकाची खुर्ची साधारण सव्वीस इंच रुंद असते, पण तिला जागच्या जागी वळायला पाच फूट लागतात. ओळीच्या टोकाला ती ठेवली तर वाढप्यांच्या वाटेत येते. खिंडारात ती कुणाच्याच वाटेत येत नाही. घडीच्या टेबलाला पायांमध्ये आडवी दांडी असते, तिला चाकाच्या खुर्चीचे पायठे अडतात आणि माणूस पानापासून फूटभर लांब राहतो. या ओळीत ते एक टेबल दांडी नसलेलं लावावं लागलं.

आता एकवीस खुर्च्या भरू. पश्चिमेच्या टोकाला, हात धुण्याच्या दाराकडे, पहिल्या खुर्चीवर थोरले काका. दुसरीवर काकू, तिसरीवर त्यांचा मुलगा. त्यांना उठायचं झालं तर कुणालाही ‘जरा सरका’ म्हणावं लागत नाही. चौथ्या ते नवव्या खुर्चीपर्यंत वराकडची वडीलधारी मंडळी, त्यांत त्यांचे आजी-आजोबा. दहाव्यावर मधुमेही मावशी, अकराव्यावर आजीकडे लक्ष द्यायला एक मोठी नात, बाराव्यावर आजी. मग खिंडार. तेराव्या जागी चाकाची खुर्ची, चौदाव्यावर त्यांची पत्नी. पंधरा ते सतरा पुन्हा वराकडचे पाहुणे. अठरा ते एकवीस धाकटे काका, काकू आणि त्यांची दोन मुलं. दोन्ही भाऊ एकाच ओळीत, दोघंही टोकाला, दोघांच्या मध्ये स्वतःची आई. कुणाला ओळीच्या मधोमध आणि कुणाला कडेला असं झालं नाही. आणि एकमेकांना दिसतही नाहीत.

मध्ये वराकडची माणसं घालण्यामागे विचार आहे. बऱ्याचदा अशा दोघांमध्ये घरातलीच समंजस व्यक्ती बसवतात. तिची पंचाईत होते. ती कुणाकडे जास्त बोलली याचा हिशेब दोन्हीकडे ठेवला जातो. व्याह्यांकडच्या माणसासमोर मात्र आपल्या घरातलं उणं कुणी काढत नाही. तिथे थोरले काका गावच्या घराबद्दल बोलले, पण आंब्याच्या झाडांबद्दल. म्हाताऱ्या आईला दोन मुलांच्या अगदी मध्ये, दोघांना खेटून बसवण्याची हौस काहींना असते. त्याने समेट होईल असं त्यांना वाटतं. होतं ते असं की दोघंही एकमेकांना ऐकवायचं ते आईच्या कानात मोठ्याने सांगतात.

समोरची पाचवी ओळ कुणाची, हेही पाहावं लागलं. थोरल्यांच्या बाजूने उघडपणे बोलणारी एक आत्या होती. तिला धाकट्यांसमोर येऊ दिलं नाही. पाचव्या ओळीत वधूच्या कचेरीतली मंडळी बसवली, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत्या चौथ्या ओळीत, म्हणजे पाचवीला पाठ लावून, तोंड उत्तरेला.

बसण्याच्या जागेपेक्षा जास्त रुसवे होतात ते तीन क्षणी, आणि हे तिन्ही क्षण आखणीच्या कागदावर सहसा नसतात. पहिला, पंगतीला बोलावण्याचा. दोघांना एकाच माणसाने एकापाठोपाठ बोलावलं तर कुणीतरी दुसरा ठरतो. म्हणून दोन माणसं, सारख्या मानाची, एकाच वेळी दोघांकडे गेली. दुसरा, वाढण्याचा. वाढपी नेहमी ओळीच्या एका टोकाकडून सुरू करतो, म्हणजे एका भावाच्या पानात तूप आधी आणि दुसऱ्याच्या शेवटी. इथे केटररला सांगून दोन वाढपी लावले. दोघांनी खिंडारापासून सुरुवात करून दोन टोकांकडे जायचं. पहिलं तूप आजीच्या भातावर, यावर कुणाचं काही म्हणणं असू शकत नाही. आग्रहाची जिलबी घेऊन यजमान आले तेव्हा तेही तिथूनच दोन्हीकडे गेले. तिसरा क्षण हात धुण्याचा. पंगत एकदम उठते आणि चाळीस मिनिटं मोठ्या कौशल्याने लांब ठेवलेले दोघे तीन नळांपाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यावर उपाय म्हणून सहाव्या ओळीला बसल्या जागी लिंबाच्या गरम पाण्याच्या वाट्या दिल्या, मग विडे दिले. सगळ्या ओळीला, फक्त धाकट्यांना नाही. थोरले काका दारापाशीच असल्याने लगेच बाहेर पडले. धाकटे विडा चघळत पूर्वेच्या दाराने सावकाश गेले, तोवर दुसऱ्या पंगतीची गर्दी बसून झाली होती.

वेळेचा प्रश्न मावशीच्या बाबतीत आला. काही प्रकारचं इन्शुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं असतं. लग्नपत्रिकेवर मुहूर्त साडेबाराचा म्हणून कुणी साडेबाराला इन्शुलिन घेतलं आणि हार, फोटो, गर्दी यांत पान एकऐवजी पावणेदोनला मिळालं, तर साखर खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं, आणि लग्नाच्या उकाड्यात घाम कुणाच्या लक्षात येणार? मावशीला निरोप द्यायची जबाबदारी एका भाचीला दिली होती. पानं मांडली गेली आणि व्यवस्थापकाने पंगतीची नक्की वेळ सांगितली की मगच तिने फोन करायचा. शिवाय मावशीच्या पर्समध्ये ग्लुकोज होतं. जे रुग्ण जेवणाच्या अगदी तोंडावर इन्शुलिन घेतात त्यांनी पान पुढ्यात आल्याशिवाय घेऊच नये. कुणी कधी घ्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. पंगत बसवणाऱ्याने फक्त वेळ खरी सांगायची.

हे सगळं सांभाळणारा माणूस कोण असावा? बहुतेक घरांत हे काम वधूच्या मामाकडे जातं, कारण तो धावपळीचा असतो. पण अंतरपाट धरलेला असताना मामा वधूच्या मागे उभा असतो, आणि पंगत बसवण्याची घाई नेमकी त्याच वेळी सुरू होते. शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच निम्मं दालन चपला शोधायला लागतं. त्यानंतर पाच-सात मिनिटांत सगळ्या खुर्च्या भरतात. पंगत बसवणाऱ्याला तेव्हा स्टेजवर काही काम असता कामा नये. इथे ते काम मामीने केलं. ज्येष्ठांना अक्षता टाकायच्याच असतात, त्यामुळे त्यांना आधी हलवता येत नाही. म्हणून दोन तरुण पोरं सहाव्या ओळीच्या दोन टोकांना उभी राहिली आणि मामी आजीला घेऊन येईपर्यंत त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. आजी बसल्यावर बाकीच्यांना ओळ सोपवायला वेळ लागला नाही.

तरीही एक गोष्ट आखणीबाहेर गेली. वराकडचे एक गृहस्थ, न सांगता, पाचव्या खुर्चीवर स्वतःच्या मित्राला बसवून मोकळे झाले आणि यादीतला एक पाहुणा उभा राहिला. व्याह्यांच्या माणसाला उठवणं शक्य नव्हतं. आजीशेजारच्या नातीने उठून आपली अकरावी खुर्ची त्या पाहुण्याला दिली आणि खिंडारात एका स्टुलावर बसून आजीचं पान सांभाळलं. अशा वेळेसाठी एकवीसपैकी दोन खुर्च्या घरच्या तरुण माणसांच्या नावावर ठेवणं शहाणपणाचं, कारण त्यांना उठवल्यावर रुसवा येत नाही. घरची मंडळी तशीही शेवटच्या पंगतीला, विहिणीच्या पंगतीच्या आसपास जेवतात.

ही रीत सगळीकडे चालेल असं नाही. गावाकडे शेतात मांडव घालून दोन-तीन हजार पानं उठतात, तिथे ओळी कुणी मोजत नाही आणि जमिनीवर बसून जेवण होतं. तिथे ज्येष्ठांसाठी मांडवाच्या कडेला चार टेबलं वेगळी लावणं एवढंच हाती असतं. मुंबईच्या हॉटेलांत किंवा परदेशातल्या मराठी लग्नांत आठ-दहा जणांची गोल टेबलं असतात. त्यांत सगळेच समोरासमोर येतात, म्हणून न बोलणाऱ्यांना एका टेबलावर कधीच नको. पण टेबलं वेगळी असली तरी मान तोच राहतो, त्यामुळे प्रश्न सोपा होतो. तिथे ज्येष्ठांचा खरा शत्रू म्हणजे ध्वनिवर्धक. कानाचं यंत्र लावणाऱ्या माणसाला त्याच्याजवळ बसवू नये, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

आणि एखादा ठामपणे म्हणालाच, की तो असलेल्या पंगतीत मी पान घेणार नाही? असे लोक असतात आणि लग्नाच्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायला कुणाला वेळ नसतो. अशा माणसाला दुसऱ्या पंगतीला बसवणं अपमानाचं होतं, पण एक अपवाद आहे. वधूचे वडील किंवा त्यांच्या बरोबरीचं घरातलं कुणी त्याच्या शेजारी, त्याच पंगतीला जेवायला बसलं तर तो अपमान राहत नाही. उलट पहिल्या पंगतीला बसलेल्या भावाला वाटू लागतं की यजमान आपल्याबरोबर बसले नाहीत. तेव्हा त्याच्याकडेही कुणीतरी बसायला हवं. आईकडचं एक आणि वडिलांकडचं एक, अशी दोन माणसं यासाठी आधीच उपाशी ठेवावी लागतात आणि त्यांना सकाळचे पोहे पोटभर द्यावे लागतात.